बिलाच्या तळाशी

भोसरीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन वर्कशॉपचं बिल घ्या. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत सलग मजकूर: ‘बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत रक्कम न मिळाल्यास द.सा.द.शे. १८ टक्के व्याज आकारण्यात येईल’, आणि त्यालाच चिकटून बँकेचा तपशील. हे कोण वाचणार?

पैसे देणाऱ्या अकाउंटंटला दिवस मोजायला लावू नका, थेट तारीख द्या. बिल १ जूनचं, ५०,००० रुपयांचं असेल तर असं लिहा:

देय तारीख: १ जुलै
उशीर झाल्यास व्याज: वर्षाला १८ टक्के, म्हणजे दिवसाला सुमारे २५ रुपये

टक्क्यांपेक्षा रुपये चटकन कळतात. मात्र व्याजाची अट आधी पर्चेस ऑर्डरमध्येही हवी. नुसती बिलावर छापली तर ‘आम्ही कबूल केलंच नव्हतं’ हे उत्तर ठरलेलं.

खातेदाराचं नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी वेगवेगळ्या ओळींत टाका. आयएफएससीची अक्षरं अकरा, त्यातलं पाचवं नेहमी शून्य. तिथे इंग्रजी ‘ओ’ पडला की पेमेंट अडकतं, म्हणून शून्य ओळखू येईल असा फाँट निवडा. ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ खुशाल शेवटी राहू द्या.