आधी लिहा, मग भेटा

सिडनी, पुणे, लंडन आणि कॅलिफोर्निया. चार ठिकाणी विखुरलेल्या चार मित्रमैत्रिणींना गावच्या शाळेसाठी काहीतरी करायचंय, असं समजू. व्हिडिओ कॉल ठरतो. पहिली दहा मिनिटं हसण्याखिदळण्यात जातात. मग एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. अर्ध्या तासात कल्पना आटतात आणि ‘हो, चालेल’ एवढंच ऐकू येऊ लागतं. दोष उत्साहाचा नसतो, पद्धतीचा असतो.

गटात एका वेळी एकच जण बोलू शकतो. आपली पाळी येईपर्यंत सुचलेलं निसटतं, किंवा ‘हे आता कशाला सांगायचं’ म्हणून आपणच ते गिळतो. डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की एकत्र बसलेल्या गटाला कमी कल्पना सुचण्यामागे पाळीची ही वाट पाहणं हे मोठं कारण आहे. व्हिडिओ कॉलवर आणखी एक अडचण येते. ब्रक्स आणि लेवाव यांच्या 2022 मधल्या अभ्यासात, समोरासमोर बसलेल्या जोड्यांपेक्षा पडद्यावर भेटलेल्या जोड्यांना कमी कल्पना सुचल्या. नजर पडद्याला खिळते आणि तिच्याबरोबर विचारही आखडतो, असं त्यांचं म्हणणं. मात्र सुचलेल्या कल्पनांतून चांगली निवडण्यात पडद्यावरच्या जोड्या मागे पडल्या नाहीत. म्हणून सुचवण्याचं काम कॉलच्या आधी लिहून उरकावं आणि कॉल फक्त निवडीसाठी ठेवावा.

सुरुवात प्रश्नापासून करावी. ‘शाळेसाठी काय करू या?’ हा प्रश्न फार मोघम झाला. ‘शाळेचं बंद पडलेलं वाचनालय मुलांनी रोज वापरावं, यासाठी येत्या तीन महिन्यांत काय करता येईल?’ असं विचारलं की डोकं लगेच कामाला लागतं.

गुरुवारी प्रत्येकाने आपापल्या सोयीने तीन कल्पना लिहून एकाच व्यक्तीकडे पाठवाव्यात. दुसऱ्याचं वाचून लिहायला बसलं की आपणही त्याच वाटेने जातो, म्हणून या फेरीत कुणी कुणाचं पाहायचं नाही. रात्री ती व्यक्ती सगळ्या बारा कल्पना नावांशिवाय एका सामायिक कागदावर उतरवते.

शुक्रवारी हा कागद सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरतो. जुलैमध्ये सिडनीत सकाळचे आठ वाजतात, तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेतीन असतात. सिडनीची मैत्रीण आपली भर घालते आणि पुण्याचा मित्र उठतो तेव्हा कागद तयार असतो. दुपारी साडेबाराला लंडन उठतं आणि रात्री साडेआठला कॅलिफोर्निया. प्रत्येकाला ताज्या डोक्याची सकाळ मिळते. मुलांनी आवडलेल्या पुस्तकाबद्दल बोलून ते रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर टाकावं, असं सिडनीहून येतं. ‘फोन सगळ्यांच्या घरी नाही, त्यापेक्षा परिपाठात दोन मिनिटं बोलू देऊ,’ अशी पुण्याची दुरुस्ती. लंडन म्हणतं, वाचनालयाची किल्ली आठवीच्या मुलांकडे द्या. कॅलिफोर्नियाहून पुढचं पाऊल येतं: जी मुलं बोलतील त्यांनीच पुढच्या खरेदीची यादी करावी. एका साध्या कल्पनेची अशी योजना होते. कुणी दिवसभरात लिहिलं नाही, तर कागद अडवून न धरता पुढे सरकवावा.

शनिवारी सगळं वाचून प्रत्येकाने गुपचूप तीन मतं द्यावीत.

कॉल पुण्याच्या रविवारी सकाळी अकराला. तेव्हा सिडनीत दुपारचे साडेतीन, लंडनमध्ये सकाळचे साडेसहा आणि कॅलिफोर्नियात शनिवारी रात्रीचे साडेदहा असतात. वेळ पंचेचाळीस मिनिटं. खुशाली पाच मिनिटांत आटोपून सर्वाधिक मतांच्या चार कल्पना घ्याव्यात, प्रत्येकीला आठ मिनिटं. पहिलं बोलणं कॅलिफोर्नियाचं, कारण तिथे झोपेची वेळ झालेली असते. घड्याळ एकाने सांभाळावं. एकच आवाज ऐकू येऊ लागला किंवा कॅमेरे बंद होऊ लागले, तर गप्प असलेल्याला थेट विचारावं: ‘यात तुला काय खटकतंय?’ ‘काय वाटतं?’ या प्रश्नाला ‘छान’ एवढंच उत्तर येतं, खटकण्याबद्दल विचारलं की माणूस बोलू लागतो. शेवटची आठ मिनिटं काम, नाव आणि तारीख लिहिण्यासाठी राखावीत.

या वेळा कायमच्या नव्हेत. भारतात घड्याळ बदलत नाही, पण अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी, आणि सिडनीत एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतं. म्हणून त्या दिवसांत निरोपात प्रत्येक शहराची वेळ वेगळी लिहावी. आणि अडचणीची वेळ दर खेपेला एकाच्याच वाट्याला येऊ देऊ नये. पुढचा कॉल असा ठरवावा, की या वेळी झोप मोडलेल्याला तो सोयीचा पडेल.