धनुष्यात किती ऊर्जा भरली?

२०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला झालेल्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी कंपाउंड धनुष्याच्या वैयक्तिक प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. या प्रकारात खेळाडू दोरी पूर्ण ताणल्यावर नेम धरून निवांत उभा असतो. दोरी ओढताना मध्येच जोर लागतो आणि शेवटी तो एकदम हलका होतो. मग बाणाला एवढा वेग येतो कुठून?

शाळेत शिकवलेलं सूत्र सोपं आहे: कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. पण ते बल सगळ्या वाटेवर सारखंच असेल तेव्हाच चालतं. दोरी जसजशी मागे येते तसं बल बदलत जातं, आणि ‘कोणतं बल धरायचं?’ याला एकच उत्तर उरत नाही.

यावरची तोड अशी. दोरीला डिजिटल ताणकाटा अडकवायचा, ती दोन-दोन सेंटिमीटर मागे ओढायची आणि दर वेळी काट्यावरचा आकडा टिपायचा. आडव्या अक्षावर दोरी किती सरकली ते, उभ्या अक्षावर बल. दोन सेंटिमीटरच्या टप्प्यात बल फारसं बदलत नाही, म्हणून तेवढ्यापुरतं जुनं सूत्र लावता येतं. ते कार्य म्हणजे आलेखाखालची एक अरुंद उभी पट्टी. सगळ्या पट्ट्यांची बेरीज केली की एकूण कार्य मिळतं. पट्ट्या जितक्या बारीक, तितकं उत्तर नेमकं. त्या अगदी नाममात्र रुंदीच्या होईपर्यंत बारीक करत नेल्या की त्या बेरजेलाच संकलन म्हणतात, आणि ते असं लिहितात: W = ∫F dx.

आधी साधं धनुष्य घेऊ. समजा दोरी अर्धा मीटर ओढली आणि बल शून्यापासून सरळ रेषेत वाढत २०० न्यूटनपर्यंत गेलं, म्हणजे साधारण २० किलो वजन तोलून धरावं इतकं. आलेखाखाली त्रिकोण तयार होतो. त्याचं क्षेत्रफळ ½ × ०.५ × २०० = ५० ज्यूल. इथे बल F = ४००x असल्यामुळे संकलनानेही तेच येतं: २०० × ०.५² = ५०.

आता कंपाउंड. याच्या पात्यांच्या टोकांना वेड्यावाकड्या घेराची चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. दोरी ओढली की कॅम फिरतो, तरफेची भुजा बदलते आणि त्यानुसार हाताला लागणारा जोरही. समजा पहिल्या १५ सेंटिमीटरमध्येच बल २०० न्यूटनवर चढलं, पुढचे २५ सेंटिमीटर तिथेच राहिलं आणि शेवटच्या १० सेंटिमीटरमध्ये ६० न्यूटनपर्यंत घसरलं. मग त्रिकोणाचे १५, मधल्या आयताचे ५० आणि शेवटच्या समलंब चौकोनाचे १३, असे मिळून ७८ ज्यूल. सर्वाधिक बल तेवढंच, अंतरही तेवढंच, तरीही साठवण दीडपटीहून जास्त, आणि नेम धरताना हातावर सहा किलोच. सर्वाधिक बल गुणिले अंतर केलं असतं तर दोन्ही धनुष्यांना १०० ज्यूल मिळाले असते. शेवटचं बल धरलं असतं तर कंपाउंडला अवघे ३०. धनुष्यावर किती पाउंडांचं हे छापलेलं असतं, त्यावरून दोन धनुष्यांची तुलना करणारे इथेच फसतात. छापलेला आकडा म्हणजे फक्त आलेखाचं शिखर.

हा आलेख काढताना दोन चुका हटकून होतात. अंतर मुठीपासून मोजलं जातं. पण न ताणलेली दोरीही मुठीपासून काही अंतरावरच असते, म्हणून शून्य तिथे, दोरीच्या मूळ जागी, धरायचं. दुसरी चूक संगणकाची: तो उभा अक्ष कधी शून्याऐवजी ५०पासून सुरू करतो. चित्र बरोबरच दिसतं, पण रेषेखालचा एक अख्खा थर गायब झालेला असतो.

दोरी हळूहळू परत सोडत पुन्हा आकडे टिपले तर नवी रेषा पहिलीच्या थोडी खाली पडते. दोन रेषांमधलं क्षेत्रफळ म्हणजे घर्षणात आणि पात्यांच्या आतल्या आत जिरलेली ऊर्जा. त्याशिवाय बाण सुटताना दोरी, पाती आणि कॅमही हलतात, आपला वाटा घेतात. ७८पैकी तीन चतुर्थांश ऊर्जा बाणाला मिळाली असं मानलं, तर २० ग्रॅमचा बाण सेकंदाला सुमारे ७६ मीटर वेगाने सुटेल.

बाण न लावता दोरी सोडली तर मात्र या ऊर्जेला पळायला वाट नसते. जवळपास सगळी पाती, दोरी आणि कॅमवर आदळते. दोरी तुटते, पातं तडकतं, कधी तुकडे उडून डोळ्याला लागतात. म्हणून बाणाशिवाय ताणलेली दोरी सोडून द्यायची नसते, हाताने धरून सावकाश परत आणायची असते. त्या परतीच्या वाटेवर ६० न्यूटनचं बल दहा सेंटिमीटरमध्ये पुन्हा जवळपास २००वर चढतं. आलेख न पाहिलेला नवखा माणूस गाफील असतो, आणि दोरी त्याला हिसडा देऊन पुढे ओढते.