`4366` आणि `8000` मधले व्होल्ट

कारखान्यातल्या पॅनेलवरचे अनेक डिजिटल वीजमीटर आपली मोजमापं मॉडबस पद्धतीने संगणकाकडे पाठवतात. मीटरवर २३०.५ व्होल्ट दिसत असतात, पण तारेतून जातात ती १६-१६ बिटांची दोन रजिस्टरं: `4366` आणि `8000`. हे सोळाच्या पायावरचे आकडे आहेत. त्यांतून २३०.५ पुन्हा कसे मिळवायचे, ते १९८५ साली आलेल्या आयईईई ७५४ या मानकाने ठरवून दिलं आहे.

आधी प्रत्येक अंकाचे चार बिट लिहायचे. मग ३२ बिटांची ती ओळ १, ८ आणि २३ अशी तोडायची.

```
0 10000110 11001101000000000000000
```

पहिला बिट चिन्हाचा. तो ० आहे, म्हणजे संख्या धन. पुढचे आठ बिट घातांकाचे. त्यांची बेरीज १२८ + ४ + २ म्हणजे १३४. मात्र हा खरा घातांक नव्हे. ऋण घातांकही साठवता यावेत म्हणून प्रत्येक घातांकात १२७ मिळवून ठेवलेले असतात. ते वजा केले की ७ उरतात.

उरलेले २३ बिट मॅन्टिसाचे, आणि नवशिके बहुधा इथेच अडखळतात. या बिटांच्या आधी एक न लिहिलेला १ गृहीत धरायचा असतो. दोनाच्या पायात नेहमीच्या संख्येचा पहिला अंक १ च असतो, मग तो साठवून जागा कशाला अडवायची? बिटांची किंमत डावीकडून निम्मी निम्मी होत जाते: अर्धा, पाव, एक अष्टमांश. इथे १/२, १/४, १/३२, १/६४ आणि १/२५६ यांच्या जागी १ आहे. त्यांची बेरीज ०.८००७८१२५, त्यात तो गृहीत १ मिळवायचा आणि २ च्या सातव्या घाताने गुणायचं.

```
1.80078125 × 128 = 230.5
```

प्रत्यक्ष कामात घोळ होतो तो रजिस्टरांच्या क्रमाचा. काही मीटर आधी `8000` पाठवतात आणि मग `4366`. ते तसंच जोडून वाचलं तर चिन्हाचा बिट १ होतो आणि घातांकाचे आठही बिट शून्य. अशा वेळी तो गृहीत १ धरायचा नसतो, घातांक −१२६ मानायचा असतो. पडद्यावर येतं सुमारे −२.४ × १०⁻⁴¹. व्होल्टेजच्या जागी असला शून्याला चिकटलेला आकडा दिसला, की मीटर बिघडला असं समजण्याआधी रजिस्टरांची अदलाबदल करून पाहावी.

क्रम बरोबर असला तरी २३ बिटांची मर्यादा राहतेच. २३० व्होल्टच्या आसपास लागोपाठच्या दोन संख्यांमधलं अंतर १/६५५३६ व्होल्ट असतं, त्यामुळे तिथे काही अडत नाही. एकूण वीजवापर वॉट-तासांत साठवला तर मात्र १,६७,७७,२१६ वर, म्हणजे जेमतेम १६,७७७ युनिटांवर, हे अंतर २ होतं. त्यात १ मिळवला तरी उत्तर पुन्हा १,६७,७७,२१६ च येतं. एकेक वॉट-तास मिळवत जाणारा हिशेब तिथेच थबकतो. म्हणून वीजवापराची रजिस्टरं अनेक मीटरांत पूर्णांकात ठेवलेली असतात.