५८ किलोंचा हिशेब

डायलिसिस युनिटमध्ये आलेला पेशंट आधी बेडवर जात नाही, काट्यावर उभा राहतो. चपला बाहेर, खिशातला मोबाइल बाजूला, आणि काटा दर वेळी तोच. सिस्टर फाइलमध्ये आकडा लिहितात आणि त्याच्या शेजारच्या जुन्या आकड्याशी ताडून पाहतात. पुढच्या चार तासांत काय करायचं, हे बरंचसं या दोन आकड्यांमधल्या फरकावर ठरतं.

अशा युनिटमध्ये नेहमी दिसणारं एक उदाहरण घेऊ. ५४ वर्षांचे एक काका, मधुमेहामुळे मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मंगळवारी आणि शुक्रवारी. त्यांचं ‘ड्राय वेट’ ५८ किलो. म्हणजे अंगावर सूज नाही, दम लागत नाही, रक्तदाब आटोक्यात आहे, अशा अवस्थेतलं वजन. शुक्रवारी ते ५८ किलोंवर घरी गेले. मंगळवारी काट्याने ६१.६ दाखवले. चार दिवसांत कुणाच्या अंगावर साडेतीन किलो मांस चढत नाही. हे पाणी आहे. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, त्यामुळे हिशेब सरळ: ३.६ लिटर जास्त.

त्यात सिस्टर आणखी ४०० मिली धरतात. शेवटी नळ्यांमधलं रक्त सलाइनने परत शरीरात ढकलावं लागतं आणि मध्ये एक कप चहाही होतो. म्हणजे काढायचं पाणी ४ लिटर. चार तासांत काढायचं तर तासाला एक लिटर, ५८ किलोंच्या माणसाला दर किलोमागे तासाला १७ मिली. साधारण १३ मिलीच्या पुढे जाऊ नये, असा संकेत आहे. कारण मशीन पाणी फक्त रक्तातून ओढतं. पायांतली, पोटातली सूज रक्तात उतरायला वेळ लागतो. ओढ जास्त झाली की रक्तवाहिन्या रित्या पडतात. काकांना जांभया येतात, घाम फुटतो, पोटऱ्यांत गोळे येतात, रक्तदाब धाडकन खाली. मग पाणी काढणं थांबवायचं, डोकं खाली आणि पाय वर करायचे, थोडं सलाइन द्यायचं. म्हणजे कष्टाने काढलेलं थोडं पाणी परत आत. १३ च्या मर्यादेत चार तासांत जेमतेम तीन लिटर निघतात. उरलेल्यासाठी डॉक्टरांना विचारून वेळ वाढवायची किंवा दुसऱ्या दिवशी परत बोलवायचं.

“सिस्टर, पाणी मी मोजूनच पितो,” काका म्हणतात, आणि ते खोटं नसतं. त्यांना २४ तासांत २०० मिली लघवी होते. ढोबळ नियम असा, की कालची लघवी अधिक ५०० मिली, म्हणजे दिवसाला ७०० मिली. ते तेवढ्याच मापाची बाटली सकाळी भरून ठेवतात. पण अनुभवी सिस्टर पाण्याबद्दल न विचारता जेवणाबद्दल विचारतात. “काका, रविवारी काय जेवलात?” मग उलगडतं. पुतण्याच्या घरची वास्तुशांत, पापड, लोणचं, मठ्ठा. एरवीही भाकरीबरोबर ठेचा असतोच.

मीठ शरीरात आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतं, साधारण ८ ग्रॅमला एक लिटर. दिवसाला ८ ग्रॅम मीठ गेलं, तर चार दिवसांत ३२ ग्रॅम, म्हणजे चारेक लिटर. तितकं पाणी जाईपर्यंत तहान भागतच नाही. मग मठ्ठा, आमटी, चहा, कलिंगडाची फोड, तोंडात धरलेला बर्फ यांतून ते पोटात जातं, पण बाटलीच्या मापात येत नाही. मीठ दिवसाला ५ ग्रॅमवर, म्हणजे सपाट चमचाभरावर आणलं, तर हीच वाढ दोन-सव्वादोन किलोंवर येते. ५८ किलोंच्या माणसाला तेवढी झेपते.

मीठ कमी करायला सांगितलं की घरचे लोक दुकानातून ‘लो सोडियम’ मीठ आणतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. निकामी मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तात ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडून थांबूही शकतात. भेटायला येणारे हौसेने शहाळं आणतात, त्यातही तेच. बटाट्यासारखी भाजी सोलून, बारीक चिरून भरपूर कोमट पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचं, मग नव्या पाण्यात उकडून तेही पाणी फेकायचं. पोटॅशियम बरंच उतरतं.

डायलिसिसचा दुसरा प्रकार घरी होतो, पोटाचा. पोटात बसवलेल्या मऊ नळीतून साधारण दोन लिटर द्रव आत सोडायचा, चार ते सहा तास ठेवायचा, मग काढून नवा भरायचा. दिवसातून बहुधा चार वेळा. द्रवातली साखर पोटाच्या आतल्या पडद्यातून पाणी ओढून घेते. इथे काट्याच्या जोडीला पिशवीही मोजायची. दोन लिटर घातले आणि २३०० मिली निघाले, तर ३०० मिली पाणी गेलं. रोज थोडं थोडं जात असल्याने खाण्यापिण्याची बंधनं सहसा सैल असतात. पण निघालेला द्रव गढूळ दिसला, की जंतुसंसर्गाची शंका घेऊन पिशवीसकट त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

काका मशीनवरच राहिले. ठेचा सुटला, दर खेपेची वाढ दोन किलोंवर आली. तीन महिन्यांनी मात्र वेगळाच पेच आला. डायलिसिसनंतर काटा बरोबर ५८ दाखवायचा, तरी रक्तदाब चढलेला, रात्री आडवं झालं की दम, उठून बसलं की बरं. सिस्टरांनी नडगीवर अंगठा दाबला, खळगा तसाच राहिला. म्हणजे अंगात पाणी होतं. आणि काकांचा करगोटा कमरेवरून घसरत होता.

दोन गोष्टी एकत्र ठेवल्यावर अर्थ लागला. काकांचं मांस झडलं होतं आणि त्याची जागा पाण्याने घेतली होती. काट्याला मांस आणि पाणी यांतला फरक कळत नाही. त्यांचं खरं ड्राय वेट आता ५६ च्या आसपास होतं, म्हणजे ते दर वेळी दोन लिटर पाणी अंगावर घेऊन घरी जात होते.

मांस झडण्याचं कारण काकूंच्या स्वयंपाकात होतं. डायलिसिस सुरू होण्याआधी डॉक्टरांनी प्रथिनं कमी करायला सांगितली होती, किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ३५ ते ४६ ग्रॅम. काकूंनी तेव्हापासून डाळ, अंडी बंद केली ती केलीच. पण डायलिसिस सुरू झालं की नियम उलटा होतो. दर खेपेला थोडी प्रथिनंही वाहून जातात, म्हणून गरज किलोमागे १ ते १.२ ग्रॅमपर्यंत, ५८ ते ७० ग्रॅमवर जाते. काकूंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता रोज अंड्याचा पांढरा भाग सुरू झाला, डाळ मापात परत आली, आणि डॉक्टरांनी ड्राय वेट एकदम न उतरवता दर खेपेला थोडं थोडं खाली आणलं.

फाइलमधला ५८ खोडून तिथे ५६ आलं. त्या रात्री काका उशीला डोकं टेकून झोपले. आता खाणं अंगी लागलं, तर हा आकडाही बदलावा लागेल, या वेळी वर. म्हणून सिस्टर काट्याइतकंच करगोट्याकडेही बघतात.