सफारीनंतरचं वाय-फाय

ताडोबाच्या गाभा क्षेत्रात सफारीला मोबाईल नेता येत नाही. त्यामुळे मोहर्लीच्या लॉजवर इंटरनेटचा दिवस दोन तुकड्यांत विभागलेला असतो. दुपारची सफारी संपेपर्यंत वाय-फाय जवळजवळ रिकामं पडलेलं असतं. अंधार पडता पडता जिप्सी परततात, फोन हातात येतात आणि पुढच्या पंधरा मिनिटांत सगळ्यांचं नेट बसतं. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, तर तो शांतपणे सांगतो, "सायंकाळी असंच होते जी. सकाळी चांगलं चालते."

त्याचं निरीक्षण अचूक असतं, पण कारण विचारलं की बोट 'रेंज'कडे जातं. प्रत्यक्षात आपला फोन आणि राउटर हा एक टप्पा, आणि राउटर ते बाहेरचं इंटरनेट हा दुसरा. फोनवरच्या वाय-फायच्या दांड्या फक्त पहिल्या टप्प्याबद्दल सांगतात. चारही दांड्या भरलेल्या असताना दुसरा टप्पा पूर्ण ठप्प असू शकतो. म्हणून काहीही बदलण्याआधी अडथळा कोणत्या टप्प्यात आहे, हे पाहावं. लॅपटॉप असेल तर त्याला दोन मिनिटं पुरतात. विंडोजमध्ये `ipconfig` लिहिलं की Default Gateway समोर राउटरचा पत्ता दिसतो. तो बहुधा 192.168.1.1 सारखा असतो. मग दोन ठिकाणी हाक मारून पाहायची:

```
ping -n 20 192.168.1.1
ping -n 20 8.8.8.8
```

पहिली हाक राउटरपर्यंत जाते, दुसरी बाहेर गुगलच्या सर्व्हरपर्यंत. राउटरचं उत्तर पाच-दहा मिलिसेकंदांत येत असेल तर खोलीतलं वाय-फाय ठीक आहे. तेच उत्तर कधी 8, कधी 300 असं उड्या मारत असेल किंवा मध्येच Request timed out दिसत असेल, तर दोष खोली आणि राउटर यांच्यामध्ये आहे. लॅपटॉप नसेल तर फोन घेऊन काउंटरपाशी, राउटरच्या समोर उभं राहावं. तिथे लगेच वेग आला तर खोलीच लांब आहे. तिथेही रखडलं तर दोष पुढे आहे.

मोहर्लीच्या एका लॉजमध्ये संध्याकाळी सातच्या सुमारास मी हे करून पाहिलं. राउटरचं उत्तर 4 मिलिसेकंदांत, आणि 8.8.8.8 चं 1200 ते 1400 मध्ये. म्हणजे वाय-फाय उत्तम आणि बाहेरची वाट तुंबलेली. मालकांनी सांगितलं, छपरावरच्या डिशमधून येणारी जोडणी खाली घ्यायला 20 आणि वर पाठवायला 4 एमबीपीएसची आहे. खरी गोम त्या चारमध्ये होती.

फोनवर घेतलेला एक मिनिटाचा 4K व्हिडिओ साधारण 400 एमबीचा असतो. 4 एमबीपीएसच्या वाटेवर दुसरं कोणीच नसेल तरी तो चढवायला तेरा-चौदा मिनिटं लागतात. कॅमेऱ्यातले 25 एमबीचे तीनशे रॉ फोटो म्हणजे साडेसात जीबी. त्यांना चार तासांहून अधिक वेळ लागेल. वाघ दिसलेल्या दिवशी हे काम एकाच वेळी दहा खोल्यांतून सुरू होतं. त्यातलं बरंचसं कोणी मुद्दाम केलेलंही नसतं. फोन वाय-फायला लागला की गुगल फोटोज किंवा आयक्लाउड आपणहून कामाला लागतं.

वर पाठवण्याची वाट भरली, तर खाली येणारी पानं का अडावीत? कारण खाली येणाऱ्या मजकुराची पोच आपल्या यंत्राला सतत परत पाठवावी लागते, आणि पोच मिळाल्याशिवाय समोरचा सर्व्हर पुढचा मजकूर सोडत नाही. राउटर वर जाणारं सगळं एकाच रांगेत उभं करतो. त्या रांगेत तुमची इवलीशी पोच कुणाच्या तरी व्हिडिओच्या मागे सेकंदभर ताटकळते. रेल्वेचं तिकीट पाहायचं असो वा साधं ईमेल उघडायचं असो, पान अर्धवट येऊन थांबतं. खाली येण्याची वाट मोकळी असूनही असं होतं.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आम्ही सगळ्यांना विनंती केली, की रात्री झोपेपर्यंत फोटोंचा बॅकअप थांबवा. गुगल फोटोजमध्ये उजवीकडे वर आपल्या चित्रावर दाबलं की सेटिंग सापडतात. तिथे Backup बंद करायचं. आयफोनवर सेटिंगमध्ये नाव, मग iCloud, मग Photos. विंडोजच्या लॅपटॉपवर त्या वाय-फायच्या गुणधर्मांत Metered connection चालू केलं की वनड्राइव्हचा बॅकअप आणि बरेचसे अपडेट थांबतात. बहुतेकांनी ऐकलं. त्यानंतर 8.8.8.8 चं उत्तर 50 मिलिसेकंदांच्या आसपास आलं, आणि एका काकांचं परतीचं तिकीटही निघालं. जोडणी तीच होती, छपरावरची डिशही तीच.

फोटो पाठवायचेच असतील तर रात्री अकरानंतर पाठवावेत. सकाळच्या सफारीसाठी सगळे पहाटे उठतात, म्हणून लॉज लवकर झोपतं आणि तेवढे तास वाट मोकळी असते. कॅमेऱ्याचं कार्ड मात्र आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावं. मालकांच्या हातातही एक उपाय आहे. राउटरच्या पानावर Bandwidth Control नावाची सोय असेल, तर प्रत्येक यंत्राच्या अपलोडवर मर्यादा घालता येते, आणि एकूण अपलोड जोडणीच्या क्षमतेपेक्षा थोडं खाली, म्हणजे 4 ऐवजी साडेतीनवर, ठेवता येतं. एवढ्याने रांग साचत नाही. जास्त महागडी योजना घेण्याआधी हे करून पाहावं.

दोष पहिल्या टप्प्यात असेल तर उपाय वेगळे. कॉटेजच्या जाड भिंतींतून 5 गिगाहर्ट्झचं वाय-फाय फारसं जात नाही, 2.4 चं जातं. म्हणून लांबच्या खोलीत 2.4 निवडावं आणि राउटरजवळ 5. नावाच्या शेवटी _EXT दिसलं तर तो बहुधा रिपीटर असतो. एकाच रेडिओवर ऐकणारा आणि बोलणारा साधा रिपीटर वेग जवळजवळ निम्म्यावर आणतो. तेव्हा मूळ राउटरच्या जवळ बसून काम उरकणं बरं.

गडचिरोलीत आलापल्लीच्या पुढे प्रश्न बदलतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि तारही तुटली असेल तर लॉजचं वाय-फाय नुसतं नावाला उरतं. राउटरचं उत्तर येतं, 8.8.8.8 चं अजिबात येत नाही. अशा वेळी पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून काही होत नाही. फोनचा हॉटस्पॉट हाच मार्ग, आणि त्यासाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम हवीत. नक्षलग्रस्त भागांतले बीएसएनएलचे 2343 टॉवर 2जी वरून 4जी वर नेण्याला केंद्र सरकारने एप्रिल 2022 मध्ये मंजुरी दिली, आणि त्या योजनेत महाराष्ट्रही होता. त्यामुळे दुसरं सिम बीएसएनएलचं असावं. कुठल्या गावात कुठलं सिम चालतं, हे मात्र नकाशावरून ठरवू नये, तिथल्या किराणा दुकानदाराला विचारावं.

खोलीत मोबाईलची रेंज नसेल पण वाय-फाय चालत असेल, तर फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग घरूनच सुरू करून ठेवा. फोन लागतो आणि बँकेचा ओटीपीही बहुधा येतो. आणि ताडोबाला निघण्याआधी, घरच्या नेटवर असतानाच, फोटोंचा बॅकअप बंद करा. लॉजवर पोहोचल्यावर ते कुणाच्या लक्षात राहत नाही.