पहिला खेळ कुठे करायचा?

स्वतंत्रपणे केलेला सिनेमा पूर्ण होतो तेव्हा त्यात बहुधा मोठा नट नसतो, जाहिरातीला पैसे उरलेले नसतात आणि वितरकही ठरलेला नसतो. दिग्दर्शकाच्या हातात एकच मोलाची गोष्ट असते, ती म्हणजे हा सिनेमा अजून कुणीही पाहिलेला नाही. जगातला त्याचा पहिला जाहीर खेळ, ज्याला महोत्सवांच्या भाषेत वर्ल्ड प्रीमियर म्हणतात, एकदाच होतो. तो कुठे करायचा या निर्णयावर पुढची दीड-दोन वर्षं अवलंबून असतात, आणि आपल्याकडे नेमका हाच निर्णय सर्वांत घाईत घेतला जातो.

मोठ्या महोत्सवांना सिनेमा आधी आपल्याकडेच दिसायला हवा असतो. व्हेनिसच्या स्पर्धेत वर्ल्ड प्रीमियरच लागतो. बर्लिन आणि कानच्या स्पर्धेत सिनेमा निदान मायदेशाबाहेर कुठे दाखवलेला नसावा अशी अट असते. त्यामुळे उत्साहाच्या भरात एखाद्या छोट्या परदेशी महोत्सवाचं पहिलं आमंत्रण स्वीकारलं, की हे दरवाजे त्या सिनेमापुरते बंद होतात. सिनेमा यूट्यूबवर टाकला तर बहुतेक ठिकाणी तोही जाहीर खेळच धरतात. गावातल्या लोकांसाठी किंवा चमूसाठी केलेल्या खासगी खेळाला सहसा हरकत नसते, पण तिकीट लावलं किंवा जाहिरात केली की प्रश्न उभा राहतो.

म्हणून कुठेही अर्ज करण्याआधी वर्षभराचं कॅलेंडर समोर घ्यावं लागतं. जानेवारीच्या अखेरीस सनडान्स, त्याला लागूनच रॉटरडॅम, फेब्रुवारीत बर्लिन, मेमध्ये कान, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये व्हेनिस आणि टोरांटो. प्रत्येकाची अर्जाची मुदत काही महिने आधीच संपते. अर्ज महोत्सवाच्या संकेतस्थळावरून किंवा फिल्मफ्रीवेसारख्या मंचावरून करायचा, शुल्क भरायचं, आणि इंग्रजी सबटायटल्स असलेल्या सिनेमाची पासवर्ड लावलेली लिंक द्यायची. मुदत जवळ येईल तसं शुल्क वाढत जातं. निवड झाली तर सिनेमाची डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात चालणारी डिजिटल प्रत, पाठवावी लागते. सबटायटल्स मात्र अगदी पहिल्या लिंकपासूनच नीट हवीत, कारण निवड करणाऱ्याला मराठी येत नसते. त्याला आपला सिनेमा त्या ओळींतूनच कळतो.

लिंक पाठवली की ती एका प्रचंड ढिगात जाते. सनडान्सच्या 2025 च्या महोत्सवासाठी पूर्ण लांबीचे 4,138 सिनेमे आले आणि निवड झाली शंभराहूनही कमी सिनेमांची. एवढे सिनेमे निवड समितीचे मोजके सदस्य पाहू शकत नाहीत. प्राथमिक चाळणी करणारे वेगळे असतात आणि त्यांनी शिफारस केलेले सिनेमे वरच्या फळीकडे जातात. सिनेमाचं नाव निवड समितीने आधी ऐकलेलं असेल तर तो पाहिला जाण्याची शक्यता वाढते. हे नाव कानावर घालण्याची कामं सिनेमा पूर्ण होण्याच्या बऱ्याच आधी सुरू होतात, आणि त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत.

रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंड'ची वाट पाहिली तर हे स्पष्ट दिसतं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांची ही गोष्ट आहे. पटकथेच्या टप्प्यावर हा प्रकल्प व्हेनिसच्या 'बिएनाले कॉलेज सिनेमा' या कार्यशाळेत होता. गोव्याला इफ्फीच्या जोडीने भरणाऱ्या फिल्म बझारच्या सहनिर्मिती बाजारातही तो गेला. या बाजारात महोत्सवांचे निवडकर्ते, परदेशी निर्माते आणि विक्री एजंट येऊन बसतात. त्याच आवारात 'वर्क इन प्रोग्रेस लॅब' चालते. तिथे अर्धवट संकलित सिनेमा जाणकारांना दाखवून कुठे लांबतोय, कुठे कळत नाही हे ऐकून घेता येतं. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' या लॅबमधून गेला आणि 2014 मध्ये बर्लिनच्या मुलांच्या विभागात क्रिस्टल बेअर जिंकून आला.

'साबर बोंड'चा पहिला खेळ जानेवारी 2025 मध्ये सनडान्सला झाला. सनडान्समध्ये वर्ल्ड प्रीमियर झालेला तो पहिला मराठी सिनेमा. परदेशी कथापटांच्या स्पर्धेत त्याच्यासोबत आणखी नऊच सिनेमे होते, आणि मुख्य ज्युरी पुरस्कार त्यालाच मिळाला. इथे विभागाचं महत्त्व लक्षात येतं. शेकडो सिनेमांच्या महोत्सवात कोपऱ्यातल्या विभागात लागलेल्या खेळाला समीक्षक फिरकत नाहीत, पण दहा सिनेमांच्या स्पर्धेतला प्रत्येक सिनेमा पाहिला जातो आणि त्यावर लिहिलं जातं.

याच संदर्भात एक गोष्ट वाचकांनीही ओळखायला शिकली पाहिजे. कानमध्ये महोत्सवाला लागून सिनेमांचा मोठा बाजार भरतो. तिथे भाडं भरून पडदा घेता येतो आणि कुणालाही आपला सिनेमा खरेदीदारांना दाखवता येतो. तो व्यवहार रीतसर आहे, उपयोगीही आहे. पण ती महोत्सवाची निवड नव्हे. पोस्टरवर 'कानमध्ये प्रदर्शित' असं दिसलं की महोत्सवाच्या अधिकृत यादीत कोणत्या विभागात नाव आहे ते पाहावं. विभाग सापडला नाही तर तो खेळ बहुधा बाजारातला असतो. याहून वाईट आहेत ते निव्वळ शुल्कासाठी चालणारे ऑनलाइन महोत्सव. त्यांच्याकडे प्रेक्षागृह नसतं, पण दर महिन्याला डझनभर पुरस्कार असतात. नवख्या मुलांचे पैसे आणि कधीकधी प्रीमियरही तिथे वाया जातो.

चांगल्या महोत्सवात निवड झाली की विक्री एजंट भेटतो. तो देशोदेशींच्या वितरकांना हक्क विकतो, त्यातून साधारण पंधरा ते तीस टक्के कमिशन घेतो आणि पोस्टर, प्रवास, प्रसिद्धीचा खर्चही आधी वळता करतो. त्यामुळे करारात या खर्चाला कमाल मर्यादा लिहून घेतली नाही, तर विक्री होऊनही निर्मात्याच्या हाती काहीच येत नाही असं घडतं. पहिल्या खेळानंतर इतर महोत्सव सिनेमा मागवतात, तेव्हा प्रत्येक खेळामागे काही शे युरोंचं शुल्क मिळू शकतं. लहान सिनेमासाठी वर्षभराची ही आमंत्रणं एखाद्या देशाच्या विक्रीपेक्षा जास्त उत्पन्न देऊन जातात. 'साबर बोंड' सनडान्सनंतर न्यूयॉर्कच्या 'न्यू डायरेक्टर्स, न्यू फिल्म्स'मध्ये गेला आणि अमेरिकेतले हक्क स्ट्रँड रिलीजिंगने घेतले.

मायदेशाचे हक्क मात्र जाणता निर्माता या करारात देत नाही, कारण मराठी सिनेमा महाराष्ट्रात कसा लावायचा हे पॅरिसमधल्या एजंटला ठाऊक नसतं. इथे सेन्सॉर प्रमाणपत्र घ्यावं लागतं, महोत्सवाला मिळणारी सूट चित्रपटगृहाला नसते. वितरक शोधावा लागतो आणि शो मिळवावे लागतात. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' सप्टेंबर 2014 मध्ये व्हेनिसला दोन मोठे पुरस्कार जिंकून एप्रिल 2015 मध्ये आपल्याकडे लागला. 'किल्ला'ला बर्लिननंतर सोळा महिने लागले. 'साबर बोंड'ला राणा दग्गुबाती यांच्या स्पिरिट मीडियाने सप्टेंबर 2025 मध्ये, म्हणजे आठ महिन्यांनी, आणलं. पुरस्काराची बातमी आली त्या दिवशी प्रेक्षकाला तिकीट काढता येत नव्हतं, आणि तिकीट मिळू लागलं तेव्हा बातमी विसरली गेली होती. मग सिनेमाला दुपारचा एखादा शो मिळतो, आणि पहिल्या शनिवार-रविवारी किती खुर्च्या भरल्या यावर पुढच्या शुक्रवारी तो पडद्यावर राहणार की नाही ते ठरतं.