न्हावा शेवाला माल अडकला, तर एजंटाला काय विचारायचं?

“शेठ, क्वेरी पडलीय. कॅटलॉग पाठवा. व्हॅल्यूचंही काहीतरी म्हणतायत. उद्यापर्यंत करतो.” आयात करणाऱ्या लहान व्यावसायिकाच्या व्हॉट्सॲपवर असे चार संदेश येतात. तो कॅटलॉगचा फोटो पाठवतो, एजंट अंगठा दाखवतो आणि तीन दिवसांनी पुन्हा “काय झालं?” सुरू होतं. एजंट खोटं बोलत असतो असं नाही. एकाच वेळी तो कितीतरी पार्ट्यांचा माल सोडवत असतो, आणि “काय झालं?” या प्रश्नाला “चालू आहे” हे उत्तर पुरतं.

समजा, पुण्यातल्या एका कारखान्याने चीनहून हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांसाठी सोलेनॉइड व्हॉल्व्ह मागवले आहेत आणि वरचे संदेश त्याच मालाचे आहेत. यातल्या कुठल्या वाक्याला लेखी आधार आहे आणि कुठलं नुसतंच कानावर आलेलं आहे, हे आधी वेगळं करायला हवं. कस्टम्सची खरी क्वेरी संगणकात लिहिलेली असते आणि आइसगेट या पोर्टलवर दिसते. ती शब्दशः मागितली, तेव्हा या मालाच्या क्वेरीत किमतीचा उल्लेखच नव्हता. अधिकाऱ्याने एवढंच विचारलं होतं: हे व्हॉल्व्ह 84812000 या शीर्षकाखाली दाखवले आहेत, ते खरोखर न्यूमॅटिक यंत्रणेसाठीच आहेत का? मॉडेलनुसार तांत्रिक माहिती द्या. अशा वेळी बँकेचे पैसे भरल्याचे पुरावे शोधत बसणं फुकट. हवी ती कॅटलॉगमधली नेमकी दोन पानं, ज्यांवरचे मॉडेल क्रमांक इन्व्हॉइसशी जुळतात. सबंध ऐंशी पानी कॅटलॉग पाठवला, तर अधिकाऱ्याने त्यात काय शोधायचं?

गप्पांमध्ये मालाची ओळखही निसटते. “आपला कंटेनर” म्हणजे कुठला? कस्टम्स माल ओळखतं ते बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक, तारीख आणि बंदर यांवरून. न्हावा शेवाचा कोड INNSA1. कंटेनर क्रमांकात चार अक्षरं आणि सात आकडे असतात. बिल ऑफ लेडिंगचा घोळ जास्त होतो, कारण फॉरवर्डरने दिलेलं हाउस बिल वेगळं आणि जहाज कंपनीचं मास्टर बिल वेगळं. दोन्ही लिहावीत.

मग संदेश असा होतो:

“नमस्कार. बिल ऑफ एंट्री क्रमांक अमुक, तारीख अमुक, INNSA1, कंटेनर अमुक, हाउस आणि मास्टर बिल क्रमांक अमुक, इन्व्हॉइस अमुक, बाब क्रमांक 2, सोलेनॉइड व्हॉल्व्ह. कृपया कळवा: १) बिल आत्ता कोणत्या टप्प्यावर आहे? २) क्वेरीचा मजकूर जसाच्या तसा, तारखेसह. ३) किमतीबद्दलची विचारणा लेखी आहे का? ४) सोमवारी दिलेली कॅटलॉगची पानं ई-संचितवर चढली का? त्यांचा आयआरएन काय? क्वेरीचं उत्तर सबमिट झालं का? ५) सीएफएसची मोफत मुदत आणि जहाज कंपनीची मोफत मुदत, दोन्ही कोणत्या तारखेला संपतात?”

चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला कागद अधिकाऱ्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. तो ई-संचितवर चढवला की त्याला एक क्रमांक मिळतो, तोच आयआरएन. तो बिलाला जोडायचा आणि क्वेरीचं उत्तर वेगळं सबमिट करायचं. कागद चढला पण उत्तर गेलं नाही, तर बिल तिथंच पडून राहतं आणि एजंटाला मात्र वाटतं की आपण काम केलं. आयआरएन विचारला की उत्तराला पळवाट उरत नाही.

पाचवा प्रश्न पैशांचा. सीएफएसचं भाडं आणि जहाज कंपनीचं कंटेनरचं डिटेन्शन ही दोन वेगळी मीटरं आहेत, आणि दोन्हींच्या तारखा क्वचितच एक असतात.

“साहेबांना जाऊन भेटतो” या वाक्यावरही प्रश्न विचारावा. 2020 पासून मूल्यांकन फेसलेस झालं आहे. माल न्हावा शेवाला असला तरी बिल तपासणारा अधिकारी दुसऱ्या शहरात असू शकतो. मग भेटायचं कुणाला? मूल्यांकन पुरं होऊन माल तपासणीत अडकला असेल, तर गोष्ट निराळी. त्या वेळी अधिकारी स्थानिकच असतात. म्हणून पहिला प्रश्न टप्प्याचा. माल तपासणीत असेल, तर क्वेरीचा मजकूर मागण्याऐवजी विचारायचं: कंटेनर कोणत्या सीएफएसमध्ये, कोणत्या तारखेला उघडला, इन्व्हॉइसच्या तुलनेत मालात नेमकं काय वेगळं निघालं आणि ते तपासणी अहवालात लिहिलं आहे का? बिलाची स्थिती आइसगेटवर बिल क्रमांक आणि तारीख टाकून स्वतःही पाहता येते, त्यामुळे संदेश पाठवण्याआधी एकदा पाहून घ्यावी. एजंट सांगतो त्यापेक्षा तिथे काही वेगळं दिसलं, तर तेच संदेशाच्या पहिल्या ओळीत लिहावं.